अन्नदात्याचे नाव किती मोठे लिहावे?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावची अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात घ्यावी. वर देवाचे चित्र, मग सात दिवसांचे कीर्तनकार, त्याखाली रोजच्या पंगतीच्या अन्नदात्यांची नावे आणि उरलेल्या जागेत कृषी सेवा केंद्र, कापड दुकान, मोबाइल शॉपी, फोटो स्टुडिओ. अन्नदाता कुठे संपला आणि जाहिरातदार कुठे सुरू झाला, हे अनेकदा सांगता येत नाही. सप्ताह सात दिवसांचा असतो आणि काल्याच्या कीर्तनानंतर पत्रिकाही रद्दीत जाते, म्हणून ही सरमिसळ खपून जाते. पण एखाद्या मंदिराला किंवा मठाला रोजचे मोफत जेवण सुरू करायचे असेल आणि त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांकडे जायचे असेल, तर ती वर्षभर निभत नाही. माझे म्हणणे एवढेच, की आभार कसे मानायचे हे मागणीच्या आधी ठरले पाहिजे आणि मागणीच्या पत्रातच लिहिले पाहिजे. रक्कम आधी घ्यायची आणि नावाचे नंतर बघायचे, हा क्रम घातला की जाहिरात आपोआप आत शिरते.

जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे या विचारासाठी सोयीचे गाव आहे. यादवकाळातल्या कोरीव मंदिरांमुळे, विशेषतः गोकुळेश्वरामुळे, त्याचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे, पण शिर्डी किंवा शेगावसारखा भाविकांचा लोंढा तिथे नाही. परगावच्या देणगीवर चालणारे अन्नछत्र इथे उभे राहणार नाही. किराणा, आडत, खत-बियाणे, हॉटेल अशा ओळखीच्या दुकानांवरच ते चालवावे लागेल. म्हणून रोज साठ माणसांचा साधा हिशेब धरू: माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, चाळीस ग्रॅम तूरडाळ, सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर कणीक, पंधरा ग्रॅम तेल आणि शंभर ग्रॅम भाजी. म्हणजे दिवसाला सहा किलो तांदूळ, अडीच किलोच्या आसपास डाळ, सात-साडेसात किलो कणीक, किलोभर तेल आणि सहा किलो भाजी. त्यात मीठ-मसाला, गूळ, गॅस आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईची मजुरी मिळवली, तर किराण्याच्या बेताच्या भावाने दिवसाला २,१०० रुपये पडतात. ताटाला पस्तीस रुपये, वर्षाला साडेसात लाखांहून थोडे अधिक. एका दुकानदाराला हा आकडा घाबरवणारा आहे, पण एका दिवसाचे २,१०० रुपये ही गावातल्या मध्यम दुकानाने वाढदिवसाला किंवा वडिलांच्या तिथीला सहज द्यावी अशी रक्कम आहे. म्हणून मागणी दिवसाची करावी, आणि दिवस म्हटला की देणाऱ्याचे नाव त्या दिवसाला जोडले जाणारच.

नाव जोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. चारठाण्याची मंदिरे घडली त्याच यादवांच्या राजवटीत, रामचंद्रदेवाच्या काळात, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात एक लांबलचक लेख कोरला गेला. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या वर्षांतला तो ‘चौऱ्यांशीचा लेख’. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत असल्याने भाविकांनी तो घासून गुळगुळीत केला आहे. प्रत्यक्षात ती देणगीदारांची यादी आहे: कोणी काय दिले याची नोंद. त्याहूनही मागे गेलो तर नाशिकच्या पांडवलेण्यांतला, नहपानाचा जावई ऋषभदत्त याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नव्हते, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. गणित चोख जुळते: २,००० वर वर्षाला २४०, वीस भिक्षूंना बारा-बारा. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला, असेही लेखात आहे. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याचे नाव आहे, पण ते हिशेबाच्या अंगाने आलेले. कोणी, किती आणि कशासाठी दिले हे कोरून ठेवल्यामुळे पैसा दुसरीकडे वळवणे अवघड झाले. कापड उत्तम विणणाऱ्या श्रेणीकडेच खरेदी करा, असे काही ऋषभदत्ताने तिथे लिहिलेले नाही.

इथे गुप्तदानाचा आक्षेप येतो. दान या हाताचे त्या हाताला कळू नये, मग फळ्यावर नाव कशाला? ज्याला नाव नको त्याचे लिहू नये, हे उघड आहे, पण पावती त्यालाही द्यावी. नाव घातल्याने पुण्य कमी होते की नाही हा देणाऱ्याचा प्रश्न. संस्थेचा प्रश्न वेगळा आहे. गावात रोज कोणीतरी तांदूळ देतो आणि रोज तो कुठेतरी जातो. देणाराच अनामिक असला तर पोते आले की नाही, हे विचारायलाही कोणी उरत नाही. लहान गावात संशय पसरायला वेळ लागत नाही आणि एकदा पसरला की सगळ्यात आधी अन्नछत्र बंद पडते.

जाहिरात आणि कृतज्ञता यांतली रेघ सध्या एका अनपेक्षित ठिकाणी फार नीट आखलेली सापडते: जीएसटीच्या परिपत्रकात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ११ ऑक्टोबर २०१९ रोजी धर्मादाय संस्थांनी लावलेल्या दात्यांच्या नामफलकांविषयी खुलासा केला. मिळालेली रक्कम खरोखर देणगी असावी, हेतू परोपकाराचा असावा आणि नाव लावण्यातून दात्याच्या धंद्याची प्रसिद्धी होत नसावी. या अटी पाळल्या तर संस्थेने दात्याला कोणतीही सेवा विकलेली नाही, म्हणून कर नाही. परिपत्रकात दिलेल्या उदाहरणांत मंदिराच्या खोलीवर वडिलांच्या स्मरणार्थ दिल्याचे लिहिणारी एक मुलगी आहे, पण तिच्या धंद्याचा उल्लेख कुठेच नाही, आणि नेमकी तीच बाब मंडळाने अधोरेखित केली आहे. चारठाण्याच्या आपल्या स्वयंपाकघराला कराची धास्ती नाही. वर्षाची उलाढाल साडेसात लाख आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वीस लाख. पण कसोटी म्हणून ती उत्तम आहे: संस्थेने पैशाच्या बदल्यात काही करायचे कबूल केले आहे का? फलकाचा आकार, फोटो, दुकानाचा पत्ता, वर्षभर बॅनर यांतले काही कबूल केले असेल, तर ती जागा भाड्याने दिली आहे.

व्यवहारात यातून निघणारे नियम थोडे आहेत. प्रवेशद्वाराजवळ एकच काळा फळा असावा. त्यावर आजची तारीख, ‘आजचे अन्नदाते’ आणि नाव, तेही सगळ्यांचे एकाच आकाराच्या अक्षरांत, खडूने. दुसऱ्या दिवशी पुसले जाणार. एक दिवस देणारा आणि वर्षात दहा दिवस देणारा यांच्या अक्षरात फरक नको, कारण अक्षर मोठे झाले की मोल सुरू झाले. दुकानाचे बोधचिन्ह, फोन नंबर, ‘आमच्याकडे मिळेल’ ही भाषा नको. वाढताना दात्याला उभे करून फोटो काढणे तर नकोच, कारण त्या चित्रात जेवणारा माणूसही येतो आणि त्याला कोणी विचारलेले नसते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत दात्याचे नाव अरदासेत घेतले जाते. ऐकणाऱ्यांना ते कळते, पण भिंतीवर काही उरत नाही. आपल्याकडे पंगतीआधी श्लोक म्हणतात, त्यानंतर नाव एकदा घ्यायला हरकत नसावी.

गावात माणूस दुकानाच्याच नावाने ओळखला जातो, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे. अमुक ट्रेडर्सवाले म्हटल्याशिवाय काही जण कळतच नाहीत. माझ्या मते तिथे मालकाचे नाव आणि त्याच्या घराण्याचे आडनाव पुरते. न कळण्याची भीती दात्याला असते, गावाला सहसा नसते. दुसरा आक्षेप अधिक कठीण: बॅनर नाही म्हटले तर व्यापारी देणारच नाहीत. काही जण देणार नाहीत, हे मान्य करावे लागेल. त्यांना दार उघडे ठेवावे, पण वेगळे. वर्षातून एकदा स्मरणिका काढावी, तिच्यात जाहिरातीचे दर छापावेत आणि तिचे बिल जाहिरातीचेच द्यावे. व्यापाऱ्याला ते धंद्याच्या खर्चात धरता येते, आणि संस्थेलाही काही लपवावे लागत नाही. आयकर सवलतीचे आमिष मात्र दाखवू नये. ८०जीची सवलत केवळ धार्मिक संस्थेला सहसा मिळत नाही. दोन हजारांहून मोठ्या रोख देणगीवर ती नाही, धान्यरूपी दानावर नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या किरकोळ दुकानदाराला तर ती कुठूनच मिळत नाही.

अनेक संस्था ‘कायम तिथी’ची योजना काढतात: एकदाच ठेव द्या, दरवर्षी त्याच तिथीला तुमच्या नावाने पंगत. ऋषभदत्ताची ही सरळ वारस. पण त्याला मोठ्या रकमेवर वर्षाला बारा टक्के मिळत होते. आज साडेसहा टक्के धरले तर २,१०० रुपयांच्या एका दिवसासाठी ३२,००० ते ३३,००० ठेव लागते. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी तोच दिवस ३,४०० रुपयांचा होतो आणि व्याज २,१०० वरच असते. संस्थेने कायमचे वचन दिलेले असते, म्हणून ताटातली भाजी पातळ होऊ लागते. हे बिघडल्याची पहिली खूण हिशेबात दिसत नाही, डाळीत दिसते. म्हणून पैशाऐवजी माप मागावे, हा मला अधिक टिकाऊ मार्ग वाटतो. ५० किलोचे एक पोते तांदूळ म्हणजे आठ दिवसांचा भात. भाव वाढला तरी दिवस आठच राहतात. दुकानदारालाही ते सोपे जाते, कारण माल त्याला ठोक भावाने पडतो. यातला धोका ठरलेला आहे: न खपलेला माल दानात येतो. पोते दात्यासमोरच उघडावे. भुंगे, जाळी, कुबट वास किंवा मुदत उलटलेला तेलाचा डबा दिसला तर नम्रपणे परत करावा, आणि तसे पत्रात आधीच लिहावे. मोफत वाटले म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी चुकत नाही. तो कायदा धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही लागू आहे.

वेळही पाहावी लागते. जून ते ऑक्टोबर खत-बियाण्यांच्या दुकानदाराचा पैसा शेतकऱ्यांच्या उधारीत अडकलेला असतो. तेव्हा गेलात तर नकार येतो आणि तो पुढच्या वर्षीही चिकटतो. सोयाबीन-कापूस विकला गेला की, किंवा जानेवारीत नवी तूर आडतीवर आली की जावे. पत्र एका पानाचे असावे, साधारण असे: ‘सप्रेम नमस्कार. येत्या वर्षात रोज साठ जणांना दुपारचे जेवण देण्याचा संकल्प आहे. आपण एक दिवस (रु. २,१००) किंवा एक पोते तांदूळ स्वीकारावे ही विनंती. त्या दिवशी फळ्यावर आपले नाव व पंगतीत एकदा उच्चार, एवढेच आमच्याकडून होईल. दुकानाचा फलक लावता येणार नाही. नाव नको असल्यास तसे कळवावे. पावती लगेच व वर्षअखेरीस हिशेब मिळेल.’ पावती देणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी. नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी त्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. वर्षअखेरीच्या हिशेबात आलेली पोती, वाढलेली ताटे आणि दाता न मिळाल्याने रिकामे गेलेले दिवस, हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यावेत. पुढच्या वर्षी कोणता महिना आधी मागायचा, हे त्या रिकाम्या दिवसांवरूनच ठरते.