भाकरी रोजची, डालगोना चार दिवसांची: चॅनेलचं वेळापत्रक कसं आखावं

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जो तो डालगोना कॉफी फेटत होता. त्या काळात तिचा व्हिडिओ टाकणाऱ्यांना भरपूर व्ह्यूज मिळाले, पण लाट ओसरली तसे ते आटले. ज्वारीची भाकरी करायला मात्र दर महिन्याला कुणीतरी नव्यानं शिकतंच. मराठी पाककृतींचं यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यानं आधी हा फरक तपासून घ्यावा.

त्यासाठी गूगल ट्रेंड्सवर विषय टाकून देश भारत, कालावधी पाच वर्षं आणि शोधाचा प्रकार ‘YouTube Search’ निवडा. आलेख साधारण एका पातळीवर राहिला तर विषय सदाबहार. एकदाच उसळून खाली आला तर ट्रेंडिंग. दरवर्षी ठरावीक सुमारास चढत असेल, तर तो हंगामी. आलेखातले ० ते १०० हे आकडे तुलनेपुरते असतात. त्यांवरून किती लोकांनी शोधलं ते कळत नाही.

समजा, महिन्याला आठ व्हिडिओ होतात. त्यांतले पाच सदाबहार ठेवा, दोन हंगामी आणि एक जागा मोकळी सोडा. सदाबहार विषयाला स्पर्धा मोठी असते, म्हणून नुसती ‘ज्वारीची भाकरी’ न घेता ‘भाकरी थापताना का तुटते?’ हा नेमका प्रश्न घ्या. शीर्षकात साल घालू नका, नाहीतर व्हिडिओ वर्षभरात शिळा दिसू लागतो.

हंगामी व्हिडिओ सणाच्या दोन-तीन आठवडे आधी चढवा. इथे इंग्रजी तारखेवर विसंबू नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. त्यामुळे उकडीच्या मोदकांचा दिवसही पुढे सरकतो. जावयाच्या वाणातले अनारसे तर अधिक महिन्यात, म्हणजे साधारण तीन वर्षांनी एकदा, जोरात शोधले जातात.

मोकळी जागा ट्रेंडसाठी. व्हिडिओ दोन-तीन दिवसांत तयार होणार नसेल तर तो ट्रेंड सोडून द्या आणि तिथे सदाबहार विषय घाला. जमत असेल तर ट्रेंडमधलं टिकणारं कौशल्य पकडा: डालगोनाऐवजी ‘मशिनशिवाय फेसाळ कॉफी’.

सदाबहार व्हिडिओ सुरुवातीला रेंगाळतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यावरून निकाल लावू नका. तीन महिन्यांनी यूट्यूब स्टुडिओत त्याचे शेवटच्या २८ दिवसांचे व्ह्यूज पाहा. ते टिकून असतील आणि त्यांतला मोठा वाटा ‘YouTube search’ मधून येत असेल, तर निवड बरोबर ठरली. शोधातून कुणीच येत नसेल, तर आधी शीर्षक बदला. प्रेक्षक ज्या शब्दांत विचारतात तेच शब्द त्यात घाला. तरीही फरक पडला नाही, तर पुढच्या महिन्यात त्या जागी दुसरा प्रश्न घ्या.