रात्रीचा निरोप, झोप न मोडता

औरंगपुऱ्यातील पुस्तकांची दुकाने रात्री बंद होतात, पण आम्हा शिक्षकांचे निरोप तेव्हाच सुरू होतात. वह्या तपासता तपासता पावणेबारा वाजतात आणि आठवते की, उद्या मुलांनी आधारकार्डाची झेरॉक्स आणायची आहे. पालकांच्या ग्रुपवर आत्ताच लिहावे, तर चाळीस घरांत फोन वाजतो. सकाळी लिहू म्हणावे, तर विसरण्याची भीती. टेलिग्राममध्ये यावर दोन उपाय आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे.

निरोप लिहून झाला की पाठवण्याच्या बाणावर बोट दाबून धरावे. दोन पर्याय दिसतात. Send Without Sound निवडल्यास निरोप लगेच पोहोचतो, मात्र समोरच्याचा फोन वाजत नाही, थरथरतही नाही. पडद्यावर सूचना येतेच. त्यामुळे जागा असलेला माणूस ती वाचू शकतो, झोपलेल्याला सकाळी दिसते.

Schedule Message निवडल्यास तारीख व वेळ विचारली जाते. सकाळी सातची वेळ दिली, तर तोपर्यंत तो निरोप कोणालाच दिसत नाही. मात्र सात वाजता फोन नेहमीसारखा वाजतो. झेरॉक्सच्या निरोपाला हाच पर्याय योग्य. पालक जागे झालेले असतात आणि मूल अजून घरीच असते.

वेळ ठरवलेला निरोप टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतो. त्यामुळे सकाळी आपला फोन बंद असला तरी तो जातो. वेळ ठरवताना मात्र इंटरनेट हवे. निरोपाशेजारी घड्याळाची खूण तशीच राहिली, तर तो सर्व्हरवर पोहोचलेला नाही असे समजावे. लिहिण्याच्या चौकटीजवळ कॅलेंडरचे चिन्ह दिसू लागते. त्यावर टिचकी मारली की ठरवलेले निरोप दिसतात. तेथे निरोपावर बोट दाबून मजकूर दुरुस्त करता येतो, वेळ बदलता येते किंवा निरोप काढून टाकता येतो. सुट्टी जाहीर झाली, तर हे आठवणीने करावे.

परदेशी राहणाऱ्यांच्या बाबतीत चूक होते ती वेळेची. ठरवलेली वेळ पाठवणाऱ्याच्या फोनची असते. समजा, मुलगा जेद्दाहला आहे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. अम्मींनी सकाळी साडेसहाला निरोप पाठवला, तर तेथे पहाटेचे चार वाजलेले असतात. त्याला सातला मिळावा असे वाटत असेल, तर आपल्याकडची साडेनऊची वेळ द्यावी. त्याची ऑनलाइन असल्याची खूण आपल्याला दिसत असेल, तर Send When Online हा पर्यायही मिळतो. मग तो स्वतः टेलिग्राम उघडेल तेव्हाच निरोप जातो.

घरात कोणी आजारी असेल, दवाखान्यात न्यायचे असेल, तर यातले काहीच कामाचे नाही. तेव्हा सरळ फोन करावा.