एका फोटोतली खिंड ओळखताना

हिमालयातल्या प्रवासाचे फोटो महिन्या-दोन महिन्यांनी चाळताना एखादा फोटो हमखास अडतो. मागे करडे-तपकिरी डोंगर, मध्ये एक खोलगट भाग, पुढे निळसर पाण्याचं तळं, कडेला वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका. खाली लिहायला नाव मात्र आठवत नाही. मनाली ते लेह या रस्त्यावर हे फारच होतं, कारण त्या दोन-तीन दिवसांत बारालाचा, नकी, लाचुंग आणि तांगलांग अशा चार उंच खिंडी ओलांडाव्या लागतात. विरळ हवेत डोकं जड झालेलं असतं आणि प्रत्येक माथ्यावर त्याच पताका, तसाच वारा. मग प्रवासी तो फोटो जाणकारांना ईमेलने पाठवतो आणि विचारतो, ‘ही कुठली खिंड?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळू शकतं. फक्त ते कोणाला काय ‘वाटतं’ यावरून ठरवायचं नसतं.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करायला हवा. मराठीत घाट म्हणजे चढउताराचा डोंगरी रस्ता, आणि खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधली फट. हिंदीत घाटी म्हणजे खोरं, आणि खिंडीला दर्रा म्हणतात. त्यामुळे हिंदी पाटीवरची ‘घाटी’ वाचून मराठी माणूस डोंगराकडे पाहतो, तेव्हा पाटी दरीबद्दल बोलत असते. लडाखी आणि तिबेटी भाषांत खिंडीला ‘ला’ म्हणतात, म्हणून ‘बारालाचा ला पास’ म्हटलं की खिंड दोनदा होते. शिवाय एकाच खिंडीचं नाव पाट्यांवर, नकाशांवर आणि वाहनचालकांच्या तोंडी वेगवेगळं असतं. लाचुंग ला आणि लाचालुंग ला एकच आहेत, तांगलांग आणि टागलांगही एकच. दोन जाणकारांनी दोन नावं सांगितली म्हणून त्यांचं मत वेगळं आहे असं लगेच धरू नये.

खिंडीचा आकार घोड्यावरच्या खोगिरासारखा असतो: दोन बाजूंना चढ, दोन बाजूंना उतार. खालून पाहताना ती डोंगररांगेच्या कडेतला खळगा म्हणून दिसते. माथ्यावर उभं राहिलं की तो खळगा दिसेनासा होतो, कारण पाहणारा स्वतःच त्यात उभा असतो. फोटो ओळखताना होणारी सर्वांत मोठी चूक इथूनच सुरू होते. फोटोत खोलगट जागा दिसली की तीच खिंड असं मानलं जातं. प्रत्यक्षात ते पलीकडच्या खोऱ्याचं तोंड असू शकतं आणि खिंड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असू शकते.

उत्तर मिळणं बरंचसं पाठवणाऱ्याच्या हातात असतं. फोनने फोटो काढला की फाइलमध्ये वेळ, लेन्सची माहिती आणि परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. मोबाइलला रेंज नसली तरी उपग्रहांकडून जागा कळू शकते, त्यामुळे ‘तिथे नेटवर्क नव्हतं’ म्हणून ही शक्यता सोडून देऊ नये. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आकार लहान होतो आणि ही नोंदही जाते. मूळ फाइल ईमेलला जोडली किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती राहते. सोबत तारीख, कुठून कुठे प्रवास चालला होता, आदल्या आणि त्या रात्रीचा मुक्काम कुठे होता, आणि फोटोच्या आगेमागे काढलेले दोन-तीन फोटो द्यावेत. स्वतःचा अंदाज मात्र लिहू नये. ‘ही लाचुंग ला असावी, बरोबर ना?’ असं विचारलं की निम्मे लोक ‘बरोबर’ म्हणतात, आणि उरलेले त्या नावाला जुळणाऱ्या खुणाच शोधू लागतात.

समजा, फोटो वर वर्णन केल्यासारखाच आहे. त्यात अक्षांश-रेखांशांची नोंद नाही, पण वेळ आहे: जुलैचा मध्य, सकाळचे दहा. आदल्या रात्रीचा मुक्काम केलाँगला आणि त्या रात्रीचा सरचूला. पाठवणाऱ्याच्या मनात लाचुंग ला आहे.

पहिली चाळण मुक्कामाची. मनालीहून निघालेल्या प्रवाशाला केलाँग, दारचा, बारालाचा, सरचू हा क्रम टाळता येत नाही. सरचूनंतर गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून नकी ला आणि त्यानंतर लाचुंग ला येते. पांगपलीकडचं मोरे मैदान ओलांडल्यावर तांगलांग ला. म्हणजे केलाँग आणि सरचूच्या मधल्या सकाळी लाचुंग ला दिसूच शकत नाही. रोहतांगचा प्रश्नही इथे उरत नाही, कारण ती मनाली आणि केलाँगच्या मध्ये आहे. शिवाय ऑक्टोबर 2020 मध्ये तिच्याखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाल्यापासून अनेक प्रवासी रोहतांगवर जातच नाहीत, तरी सवयीने फोटोखाली तिचं नाव टाकतात.

उरली बारालाचा, सुमारे 4,890 मीटर उंचीची. तळ्याची खूणही तिला जुळते. माथ्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या खाली, सूरज ताल आहे आणि भागा नदी तिथून निघते. खिंडीच्या दुसऱ्या अंगाला उगम पावणारी चंद्रा मोठा वळसा घेऊन तांदीला भागेला भेटते. ही चंद्रभागा पुढे चिनाब होते. पंढरपूरच्या चंद्रभागेशी तिचं नातं नावापुरतंच.

पण इथे थांबलं तर चूक होऊ शकते, कारण बारालाचा ओलांडल्यावर लेहच्या बाजूलाही एक तळं आहे, युनाम त्सो. फोटोतलं तळं कोणतं, आणि मागची खोलगट जागा म्हणजे खरंच खिंड का, हे ठरवायला सावली कामाला येते.

भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची. बारालाचा सुमारे 77.4 अंशांवर, म्हणजे त्याच्या पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य घड्याळापेक्षा वीस मिनिटं मागे असतो. जुलैत आणखी पाच-सहा मिनिटांची भर पडते. सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या जरा आधी. जुलैत तो पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, आणि त्यामुळे सकाळी दहालाही तो आग्नेयेला पोहोचलेला नसतो. तो जवळजवळ थेट पूर्वेलाच, दक्षिणेकडे फार तर दहा अंश सरकलेला असतो. म्हणजे त्या वेळी सावल्या जवळजवळ सरळ पश्चिमेला पडतात आणि त्यांची लांबी वस्तूच्या उंचीच्या दोन-तृतीयांश असते. खांब, मैलाचा दगड, उभा माणूस, कशाचीही सावली चालेल, फक्त ती सपाट जमिनीवर पडलेली हवी. उतारावर पडलेली सावली दिशा आणि लांबी या दोन्हींबाबत फसवते.

सूरज तालाच्या बाजूचा रस्ता पश्चिमेकडून माथ्याकडे चढतो. तळ्याकाठून खिंडीकडे पाहिलं तर कॅमेरा पूर्वेला रोखलेला असेल आणि सावल्या पाहणाऱ्याकडे येताना दिसतील. युनाम त्सोच्या बाजूने मागे वळून खिंडीकडे पाहिलं तर कॅमेरा साधारण दक्षिणेला असेल आणि सावल्या उजवीकडे पडतील. या फोटोत रस्त्याकडेच्या खांबांच्या सावल्या पाहणाऱ्यापासून दूर, तळ्याकडे जातात. म्हणजे सूर्य पाठीशी आहे आणि कॅमेरा पश्चिमेला. तळं सूरज तालच, पण फोटो माथ्याच्या बाजूला चढून, मागे वळून काढलेला. मागची खोलगट जागा म्हणजे भागेचं खोरं, ज्यातून प्रवासी नुकताच वर आला. बारालाचाची खिंड या फोटोत नाहीच!

हा निष्कर्ष कॅमेऱ्याच्या घड्याळावर उभा आहे, म्हणून ते तपासायला हवं. फोनचं घड्याळ सहसा बरोबर असतं. वेगळा कॅमेरा असेल आणि तो कधी परदेशी नेलेला असेल, तर वेळ कित्येक तासांनी चुकू शकते आणि पूर्व-पश्चिम उलटू शकते. त्याच दिवशी फोनने काढलेला एखादा फोटो शेजारी ठेवला की हा फरक पकडता येतो.

नंतरची खातरजमा सावलीवर अवलंबून नसलेल्या पुराव्याने करावी. उपग्रह चित्रांच्या संगणकीय नकाशात त्या जागी उभं राहून पश्चिमेकडे पाहता येतं, आणि डोंगरांची कडा फोटोशी ताडता येते. यात बर्फाचे पट्टे जुळवत बसू नये, ते आठवड्यात बदलतात. कडेचा आकार टिकतो. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे एकामागे एक आलेले दोन सुळके. जवळच्या सुळक्याच्या नेमक्या मागे दूरचं शिखर दिसतं, अशी जागा एका सरळ रेषेवरच असते. अशा दोन जोड्या मिळाल्या की दोन रेषा जिथे छेदतात तिथे फोटो काढणारा उभा होता. अशा नकाशांतली उंची पुष्कळदा तीसेक मीटरच्या ठिपक्यांवरून काढलेली असते, म्हणून दूरच्या रांगा नीट जुळतात, रस्त्याकडेचे खडक जुळत नाहीत. डोंगर फोटोतल्यापेक्षा फार टोकदार दिसले तर नकाशात उंची वाढवून दाखवायची सोय चालू आहे का, ते पाहावं.

फोटोत पाटी असेल तर काम सोपं होतं, पण तिच्यावरच्या नावावर विसंबावं, आकड्यावर नाही. खारदुंग ला इथल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं. मोजणीत ती खिंड 17,582 फूट, म्हणजे 5,359 मीटर भरते. आठशे फुटांचा हा फरक पाहता, फोटोतल्या पाटीवरची उंची नकाशात शोधून खिंड ठरवणारा माणूस भलतीकडेच पोहोचेल. सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या पाट्यांवर प्रकल्पाचं नावही असतं. ‘दीपक’ हिमाचलात काम करतो आणि ‘हिमांक’ लडाखात, त्यामुळे अर्धवट दिसणाऱ्या पाटीवरचा तेवढा एक शब्दही खिंड कोणत्या अंगाला आहे ते सांगून जातो. अक्षरं उलटी दिसली तर फोटो आरशासारखा पलटलेला आहे आणि सावलीची सगळी गणितंही पलटवून घ्यावी लागतील. सेल्फीत हे वरचेवर घडतं.

या फोटोखाली ‘बारालाचा ला’ एवढंच लिहिणं म्हणूनच चुकीचं ठरेल. ‘सूरज ताल, बारालाचाच्या माथ्याखालून, भागेच्या खोऱ्याकडे पाहताना’ असं लिहिलं की तिथे गेलेला दुसरा माणूस त्याच जागी उभा राहून ते पडताळू शकतो. फोटोत सावली नसती, ढग कड्यांवर उतरलेले असते आणि मुक्कामही आठवत नसते, तर ‘मनाली-लेह रस्त्यावर’ यापुढे जाता आलं नसतं.