पंधरा कपाटे, दहा टेबले

समजा, औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये लोखंडी कपाटे आणि टेबले बनतात. एका कपाटाला वेल्डिंगचे ४ तास लागतात आणि रंगकामाचे २. टेबलाला वेल्डिंग कमी, २ तासांचेच. पण वरचा पत्रा पुटी लावून घासावा लागतो, म्हणून रंगकामाला ३ तास जातात. आठवड्याला वेल्डिंगचे ८० आणि रंगकामाचे ६० तास हाताशी आहेत. खर्च वजा जाता कपाटामागे ८०० रुपये सुटतात, टेबलामागे ६००. बनेल तेवढा माल खपतो. मग आठवड्याला कपाटे किती करायची आणि टेबले किती?

विक्री सांभाळणारा म्हणेल, नगामागे नफा जास्त तो माल करा, म्हणजे नुसती कपाटे. वेल्डिंगवाला दुसरा हिशेब मांडेल: माझ्या एका तासाला कपाट २०० रुपये देते आणि टेबल ३००, तेव्हा टेबलेच करा. रंगकामवाल्याचे गणित पुन्हा उलटे, कारण त्याच्या तासाला कपाट ४०० रुपये मिळवून देते आणि टेबल फक्त २००. तिघांचीही आकडेमोड बरोबर आहे. तरी नुसती कपाटे केली तर २० होतात, १६,००० रुपये मिळतात आणि रंगकामाचे २० तास फुकट जातात. नुसती टेबलेही २०च होतात. मिळकत १२,००० रुपये आणि वेल्डिंगचे निम्मे तास रिकामे. दोन विभागांचे तास एकाच वेळी अपुरे पडत असले की एका विभागाच्या भाषेत उत्तर सापडत नाही. दोन्ही बंधने एकाच कागदावर आणावी लागतात. लिनिअर प्रोग्रॅमिंगची आलेख पद्धत नेमके तेच करते.

आडव्या अक्षावर कपाटे (x) आणि उभ्या अक्षावर टेबले (y) घ्यायची. वेल्डिंगचे बंधन असे लिहितात: ४x + २y ≤ ८०. रंगकामाचे असे: २x + ३y ≤ ६०. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात. वेल्डिंगचे सगळे तास कपाटांना दिले तर २० कपाटे, टेबलांना दिले तर ४० टेबले. हे दोन बिंदू पट्टीने जोडले की वेल्डिंगची रेषा मिळते. रंगकामाची रेषा त्याच रीतीने ३० कपाटे आणि २० टेबले यांना जोडते. कपाटे किंवा टेबले उणे होऊ शकत नाहीत, म्हणून दोन्ही अक्ष हीसुद्धा बंधनेच. या चार रेषांच्या आत जो चौकोन उरतो, त्यातला कोणताही बिंदू म्हणजे वर्कशॉपला झेपेल असा बेत. त्याच्या बाहेरचा बेत कितीही फायद्याचा दिसला, तरी तो होणे नाही.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हमखास चूक होते ती इथेच. रेषा अक्षाला जिथे छेदते तो प्रत्येक बिंदू कोपरा समजून त्याचा नफा काढला जातो. ४० टेबलांचा नफा २४,००० रुपये येतो आणि तेच उत्तर म्हणून अधोरेखित होते. प्रत्यक्षात ४० टेबलांना रंगकामाचे १२० तास लागतील, आणि आहेत ६०. प्रत्येक कोपरा दोन्ही बंधनांत घालून तपासला की ही चूक लगेच उघडी पडते.

आता नफ्याची रेषा. ९,६०० रुपये मिळवायचे तर १२ कपाटे करा किंवा १६ टेबले. हे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेवर कुठेही असलो तरी नफा ९,६००च. ही रेषा चौकोनाच्या मधून जाते, याचा अर्थ अजून वाव आहे. पट्टी तिरकस ठेवून, तिचा कल जराही न बदलता, ती वर-उजवीकडे सरकवत न्यायची. नफा वाढत जातो आणि पट्टीच्या पलीकडे उरणारा चौकोनाचा भाग लहान होत जातो. शेवटी ती चौकोनाला एकाच ठिकाणी टेकते: वेल्डिंग आणि रंगकामाच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. ती दोन समीकरणे सोडवली की x = १५, y = १०. पंधरा कपाटे, दहा टेबले, नफा १८,००० रुपये आणि दोन्ही विभागांत एकही तास शिल्लक नाही.

उत्तर कोपऱ्यावर का येते, तेही पट्टी सरकवताना डोळ्यांना दिसते. चौकोनाच्या कडा सरळ आहेत, नफ्याची रेषाही सरळ आहे. म्हणून शेवटचा स्पर्श एक तर कोपऱ्याला होणार, नाहीतर एखाद्या पूर्ण कडेला. कपाटाचा नफा १,२०० रुपये झाला, तर नफ्याची रेषा वेल्डिंगच्या रेषेला समांतर होते. मग १५ कपाटे व १० टेबले करा किंवा नुसती २० कपाटे करा, २४,००० रुपयेच मिळतात. टेबलाचा नफा ६०० राहिला आणि कपाटाचा ४०० ते १,२०० रुपयांच्या दरम्यान कितीही हलला, तरी पंधरा-दहाचा बेत बदलायची गरज नाही. पत्र्याचा भाव रोज वरखाली होणाऱ्या धंद्यात ही माहिती १८,०००च्या आकड्याहून जास्त कामाची आहे.

तितकाच कामाचा प्रश्न ओव्हरटाइमचा. वेल्डिंगचा एक तास वाढवून ८१ केले की ती रेषा किंचित बाहेर सरकते, नवा कोपरा १५.३७५ कपाटे व ९.७५ टेबले असा येतो आणि नफा १८,१५० होतो. म्हणजे वेल्डिंगच्या जादा तासाची किंमत १५० रुपये. हिला शॅडो प्राइस म्हणतात. याच रीतीने रंगकामाचा जादा तास १०० रुपयांचा ठरतो. नेहमीच्या मजुरीवर ओव्हरटाइमपोटी तासाला याहून जास्त मोजावे लागत असतील, तर तो न घेतलेला बरा. हा दर कायमचा नाही. समजा, कपाटांची कुलपे आठवड्याला १२च मिळू लागली. मग उत्तम बेत १२ कपाटे व १२ टेबले असा होतो, नफा १६,८०० वर येतो आणि वेल्डिंगचे ८ तास शिल्लक पडतात. अशा वेळी वेल्डिंगच्या जादा तासाची किंमत शून्य.

१५.३७५ कपाटे हा आकडा दर आठवड्याची सरासरी म्हणून चालतो, कारण अर्धवट कपाट पुढच्या आठवड्यात पुरे होते. एकाच आठवड्याची ऑर्डर असेल तर मात्र पूर्ण नगच मोजावे लागतात आणि अपूर्णांक नुसता छाटून भागत नाही. वेल्डिंगचे ८४ तास धरले तर कोपरा १६.५ कपाटे व ९ टेबले असा येतो. १७ आणि ९ केले तर वेल्डिंगला ८६ तास लागतात. १६ आणि ९ झेपतात, नफा १८,२००. पण १७ कपाटे व ८ टेबलेही झेपतात आणि त्यांचा नफा १८,४०० आहे. म्हणून पूर्ण नगांच्या हिशेबात चौकोनाच्या आतले पूर्णांकी बिंदू वेगळे तपासावे लागतात.

वर्कशॉपने उद्या खुर्च्याही बनवायला घेतल्या, तर तिसरा अक्ष लागतो आणि कागद अपुरा पडतो. लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ साली लेनिनग्राडमध्ये प्लायवूड कारखान्यांच्या यंत्रांना काम वाटून देण्याचा प्रश्न सोडवला, त्यातही यंत्रे आणि माल दोनाहून बरेच जास्त होते. १९४७मध्ये अमेरिकेत जॉर्ज डान्त्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत मांडली. ती एका कोपऱ्यावरून सुरुवात करते, शेजारच्या कोपऱ्यावर नफा जास्त असेल तर तिकडे सरकते, आणि कुठल्याच शेजाऱ्याकडे नफा वाढत नाही तिथे थांबते. आपल्या चौकोनात ती (०, ०) वरून निघून (२०, ०) वर जाईल, तिथून (१५, १०) वर येईल आणि (०, २०) कडे नफा घटतो हे पाहून तिथेच थांबेल.