शिखरजीहून परतल्यावरचा निरोप

सम्मेद शिखरजीची वंदना म्हणजे चढ, टोकांचे दर्शन आणि उतार मिळून सुमारे 27 किलोमीटरांची वाट. मध्यरात्रीनंतर मधुबनातून निघालेले अनोळखी यात्रिक पहाटेपर्यंत एकमेकांचे सोबती झालेले असतात. खाली उतरल्यावर दूरध्वनी क्रमांकांची देवघेव होते आणि बहुतेक ओळखी तेथेच थांबतात. कारण घरी गेल्यावर काय लिहावे, हे सुचत नाही.

समजा, सांगलीची एक गृहिणी आणि कारंजाच्या एक वयस्क काकू पार्श्वनाथ टोकाच्या पायऱ्यांवर भेटल्या. काकूंचा गुडघा दुखत होता. हिने त्यांची काठी धरली, दोघी थांबत थांबत वर गेल्या. बसल्या बसल्या काकूंनी ज्वारीच्या लाह्यांच्या चिवड्याची कृती सांगितली.

परतल्यावर "ओळखलंत का?" एवढेच लिहिणे, म्हणजे समोरच्या माणसाची परीक्षा घेणे होय. यात्रेत काकूंना अशा दहाजणी भेटलेल्या असतात. चाळीस छायाचित्रे एकदम पाठवली, तर त्यांतले एकही नीट पाहिले जात नाही. आणि पहिल्याच निरोपात पुतण्याचा बायोडाटा जोडला, तर चढावरची सोबत कशासाठी होती, असा प्रश्न त्यांना पडला तर नवल नाही.

म्हणून घरचा पसारा आवरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आपले नाव आणि गाव सांगून ती लिहिते : "जय जिनेंद्र काकू. पार्श्वनाथ टोकाच्या पायऱ्यांवर तुमची काठी माझ्याकडे होती. तुम्ही सांगितलेला लाह्यांचा चिवडा काल केला. मुलांनी संध्याकाळपर्यंत डबा रिकामा केला. गुडघा आता कसा आहे?" सोबत काठी टेकून बसलेल्या काकूंचे एकच छायाचित्र.

काठीचा उल्लेख येताच काकूंना चेहरा आठवतो. आपण सांगितलेली गोष्ट कुणी ऐकली आणि करूनही पाहिली, हे चिवड्यामुळे कळते. "तुम्हाला भेटून फार आनंद झाला" या वाक्यात ते येत नाही, कारण ते कुणालाही पाठवता येते. शेवटचा प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. प्रश्न एकच असावा. तीन विचारले की उत्तर उद्यावर ढकलले जाते.

उत्तर आलेच नाही, तर "मिळाला का?" म्हणून पाठपुरावा करू नये. वडीलधाऱ्यांचा फोन पुष्कळदा नातवंडांच्या हाती असतो. श्रावण शुद्ध सप्तमीला, पार्श्वनाथांच्या मोक्षकल्याणकाच्या दिवशी, पुन्हा लिहिण्यास सहज निमित्त मिळते. मात्र त्या दिवशी निर्वाणलाडूची तीच तीच चित्रे सर्वत्र फिरत असतात. त्यांत भर न घालता दोनच ओळी पुरतात : "आज मंदिरात लाडू चढवताना त्या पायऱ्या आठवल्या. काठी अजून तीच आहे ना?"