‘सत्तरच कुटुंबे का, आणि हीच का?’ : व्हायवातील नमुना निवडीच्या प्रश्नाची तयारी

प्रबंधाच्या व्हायवात परीक्षक बहुधा तिसऱ्या प्रकरणावर येऊन थांबतात. संशोधन पद्धतीचे ते प्रकरण. तिथे बोट ठेवून विचारतात, “तुम्ही सत्तरच कुटुंबे का घेतलीत? आणि हीच का?” विद्यार्थी उत्तर देतो, “सर, वेळ कमी होता,” किंवा “मार्गदर्शकांनी तेवढी पुरेशी आहेत असे सांगितले.” दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली समाजशास्त्र आणि समाजकार्याच्या प्रबंधासाठी स्वतःच्याच वस्तीचा, स्वतःच्याच माणसांचा विषय घेतात. त्यामुळे या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: “तुम्हाला हवे ते बोलणारी ओळखीची माणसे तर निवडली नाहीत ना?” परीक्षक तो उघड विचारोत वा न विचारोत, उत्तर त्यालाही द्यावे लागते. आकडा ही त्या उत्तरातली शेवटची गोष्ट आहे. आधी यादी कुठून आली ते सांगायचे, मग त्यातून घरे कशी उचलली ते, मग किती, आणि शेवटी कोण सुटले.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. एका विद्यार्थिनीचा विषय आहे, शहरातील एका वस्तीतील बौद्ध कुटुंबांमधील मुलींचे थांबलेले शिक्षण. ज्या घरात १६ ते २० वयाची किमान एक मुलगी आहे, अशी कुटुंबे तिला अभ्यासायची आहेत.

यादी कुठून आणली?

अशा कुटुंबांची तयार यादी कुठेच मिळत नाही. जनगणना बौद्धांची संख्या देते, घरांची नावे देत नाही. मतदार यादीत धर्माचा रकाना नसतो आणि आडनावावरून बौद्ध कोण हे ठरवणे धोक्याचे असते. विहाराची वर्गणीची वही हाताशी असते, पण त्या वहीत वर्गणी देणारी घरे असतात. नुकतीच भाड्याने राहायला आलेली, विहारात न येणारी, वर्गणी न परवडणारी घरे तिच्यात नसतात. मुलीची शाळा सुटण्याची शक्यता यातल्याच काही घरांत जास्त असू शकते. म्हणजे ही वही वापरली तर निष्कर्ष वास्तवापेक्षा बरा दिसेल, आणि तो का बरा दिसतो हे प्रबंधात कुठेच कळणार नाही.

म्हणून तिने दोन रविवार गल्लोगल्ली फिरून घरांची नोंद स्वतः केली. प्रत्येक दारावर दोनच प्रश्न विचारले: तुम्ही स्वतःला कोणत्या धर्माचे मानता, आणि घरात या वयाची मुलगी आहे का? अनेक घरांत जुन्या दाखल्यांवर ‘हिंदू महार’ अशी नोंद असते आणि घरात मात्र बुद्धवंदना होते. अशा वेळी कागद धरायचा की माणसाचे सांगणे, हे आधी ठरवावे लागते. तिने माणसाचे सांगणे धरले आणि तसे प्रबंधात लिहिले. अशी एकूण २१० कुटुंबे निघाली. तिच्या अभ्यासाचे ‘समग्र’ म्हणजे ही २१० कुटुंबे. संपूर्ण वस्ती नव्हे आणि संपूर्ण समाजही नव्हे.

घरे कशी उचलली?

यादीला १ ते २१० क्रमांक दिले. तिला साधारण ७० घरे हवी होती, म्हणजे दर तिसरे घर. सुरुवात कुठून करायची हे तिने ठरवले नाही. १, २, ३ अशा तीन चिठ्ठ्या टाकल्या, २ निघाली. मग २, ५, ८ असे करत २०९ पर्यंत बरोबर ७० घरे झाली. याला पद्धतशीर नमुना निवड म्हणतात. ‘हीच घरे का?’ याचे उत्तर ती एक चिठ्ठी देते. मैत्रिणीचे घर आले असेल तर तेही चिठ्ठीने आले, आणि शेजारचे गळले तेही चिठ्ठीनेच.

या पद्धतीत एक खाच आहे आणि जाणकार परीक्षक तिथेच बोट ठेवतो. यादीचा क्रम आणि वस्तीची रचना जुळली तर गडबड होते. समजा चाळीत तीन-तीन खोल्यांचे गट आहेत, मधली खोली नेहमी लहान आणि कमी भाड्याची आहे, आणि यादीही त्याच क्रमाने झाली आहे. मग दर तिसरे घर घेताना सगळी मधलीच घरे येऊ शकतात. म्हणून निवडलेल्या क्रमांकांवर नकाशात खुणा करून पाहावे. खुणा सगळ्या गल्ल्यांत, लहान-मोठ्या घरांत पसरलेल्या दिसल्या तर तो नकाशाच उत्तर म्हणून पुढे ठेवता येतो.

सत्तर का?

इथे बहुतेक जण यामाने यांचे सूत्र लिहितात:

n = N / (1 + N × e²)

N म्हणजे समग्राची संख्या आणि e म्हणजे आपण मान्य केलेली चूक. २१० कुटुंबांसाठी पाच टक्के चूक धरली तर १३८ घरे लागतात. दहा टक्के धरली तर ६८. तिने दहा टक्के धरले. एकटीने, एका सत्रात, प्रत्येक घरी तासभर बसून १३८ घरे नीट झाली नसती, आणि घाईने भरलेल्या फॉर्ममधली चूक कोणत्याही सूत्रात दिसत नाही. हे कारण लाजायचे नाही. फक्त त्याची किंमत आपणच सांगायची: माझा आकडा वर-खाली सुमारे दहा अंकांनी हलू शकतो.

“मग ३८४ का नाही?” हाही प्रश्न येतो. ३८४ हा आकडा फार मोठ्या समग्रासाठी, ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरून निघतो. ज्या समग्रात कुटुंबेच २१० आहेत, तिथे ३८४ आणणार कुठून?

एक चूक मात्र प्रबंधांत वारंवार दिसते. वरच्या ओळीत ‘सहेतुक नमुना’ किंवा ‘सोयीचा नमुना’ लिहिलेले असते आणि खालच्या ओळीत यामाने यांचे सूत्र. चिठ्ठी टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, निवड झाली असेल तरच ते सूत्र लागू होते. ओळखीतून घरे घेतली असतील तर सूत्राने काढलेला आकडा त्यांना प्रातिनिधिक करत नाही. असे झाले असेल तर व्हायवाच्या आदल्या दिवशी पद्धतीचे नाव बदलू नका. नमुना सोयीचा होता हे स्पष्ट म्हणा, सूत्र मागे घ्या आणि टक्केवारीवरून समग्राबद्दल काही सांगण्याचे टाळा. परीक्षक मर्यादा मान्य करणाऱ्याला सहसा अडवत नाहीत, ती झाकणाऱ्याला अडवतात.

कोण सुटले?

७० पैकी ६३ घरांत मुलाखत झाली. सात घरे तीनदा जाऊनही बंद मिळाली. त्यांच्या जागी शेजारची सात घरे घेण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण दिवसा दार उघडे असणारे घर आणि दिवसभर कुलूप असणारे घर एकसारखे नसते. त्या सात घरांतली माणसे कामासाठी बाहेरगावी गेली असतील, तर तिथल्या मुलींचे शिक्षण थांबले असण्याची शक्यता जास्त.

आता हिशेब पाहा. ६३ पैकी २४ घरांत किमान एका मुलीचे शिक्षण थांबले होते, म्हणजे ३८ टक्के. सातही बंद घरांत तसेच असेल असे धरले तर ७० पैकी ३१, म्हणजे ४४ टक्के. एकाही घरात तसे नसेल असे धरले तर ७० पैकी २४, म्हणजे ३४ टक्के. बंद दारांमुळे चित्र किती बदलू शकते हे तिने स्वतःच मोजून दाखवले. परीक्षकाने विचारण्याआधी हे दोन आकडे सांगता आले, तर त्या प्रश्नात फारसे काही उरत नाही.

याच २४ घरांची पुन्हा ‘आई शिकलेली’ आणि ‘आई न शिकलेली’ अशी विभागणी करून टक्केवारी काढली, तर मात्र जमीन ढासळते. इतक्या थोड्या घरांत अनिश्चितता जवळपास दुप्पट होते. तिथे टक्के न देता ‘२४ पैकी इतकी घरे’ असे लिहावे आणि तेवढ्यावरच थांबावे.

उत्तर कसे बोलावे?

साधारण एका मिनिटात असे: “मॅडम, माझा अभ्यास या एका वस्तीतील २१० बौद्ध कुटुंबांचा आहे. यादी मी स्वतः घरोघर जाऊन केली, कारण विहाराच्या वहीत गरीब आणि नवी घरे सुटतात. त्यातून चिठ्ठीने सुरुवात ठरवून दर तिसरे घर घेतले. दहा टक्के चूक मान्य केल्यावर ६८ घरे लागत होती, मी ७० निवडली. सात घरे मिळाली नाहीत. ३८ टक्के हा आकडा त्यामुळे साधारण २८ ते ४८ च्या दरम्यान असू शकतो आणि तो फक्त या वस्तीबद्दल आहे.”

सखोल मुलाखतींचे तर्कशास्त्र वेगळे आहे. याच अभ्यासात बारा मुलींशी सविस्तर बोलून शिक्षण का थांबले हे शोधले असेल, तर तिथे टक्केवारीचा संबंध नाही. त्या मुली हेतूने निवडलेल्या असतात आणि तसेच सांगायचे. ‘बाराच का?’ याचे उत्तर मुलाखतींच्या नोंदींत असते: कोणत्या मुलाखतीत कोणते नवे कारण आले याचा तक्ता करा. दहावी, अकरावी, बारावी मुलाखत नवे काहीच देत नसेल तर तो तक्ता दाखवा. बाराव्या मुलाखतीतही नवे कारण निघत असेल, तर बारा कमी पडल्या हे मान्य करा.

व्हायवाला जाताना क्रमांक टाकलेली यादी, खुणा केलेला नकाशा आणि बंद घरांच्या भेटींच्या तारखा सोबत न्याव्यात. यादीतली नावे झाकून न्या, त्या घरांनी आपल्याला विश्वासाने सांगितले आहे. आणि समारोपाच्या प्रकरणातले एक वाक्य आधीच तपासा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत. त्रेसष्ट घरांवरून ‘महाराष्ट्रातील बौद्ध समाजात’ असे वाक्य सुरू होत असेल तर ते खोडून ‘या वस्तीत’ असे लिहा. वस्तीतल्या त्या मुलींसाठी उद्या कोणी शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह मागायला गेले, तर समोरचा अधिकारीही हाच प्रश्न विचारणार आहे: किती घरे, आणि कशी निवडली?