किलोमीटरला वीतभर

एक हजार मीटर चालत जा आणि तेवढ्या अंतरात जमीन वीस सेंटीमीटर खाली आली का ते डोळ्यांनी सांगा. सांगता येणार नाही. वीस सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही. पण एवढ्याशा उतारावर कालव्याचं पाणी तीस-तीस किलोमीटर जातं. ढकलायला पंप नाही, काही नाही. उतार आणि पाण्याचं वजन, बस्स. अभियंत्यांच्या भाषेत हा ‘५००० ला १’ उतार.

उतार जास्त दिला तर पाणी जोरात धावेल आणि कालवा लहान करता येईल, मग एवढी कंजुषी का? कारण कालव्याचं पाणी भिजवतं ते त्याच्या खालच्या अंगाची जमीन. धरणातून निघताना जी उंची हाती असते, ती कालवा वाटेत खर्च करत जातो. किलोमीटरला २० सेंटीमीटर म्हणजे ३० किलोमीटरला सहा मीटर. उतार दुप्पट केला की बारा मीटर गेले, आणि त्या जादा सहा मीटरच्या पट्ट्यातली शेतं कालव्याच्या वर राहिली. म्हणून उतार ठरतो तो नकाशावरच्या समपातळी रेषांवरून आणि लाभक्षेत्राच्या हिशेबातून. किती पाणी न्यायचं तेही तसंच, पिकं, आवर्तनाचे दिवस आणि वाटेतली गळती धरून ठरतं. कालव्याचा छेद आखणाऱ्याच्या टेबलावर हे दोन आकडे आयतेच येतात. त्याच्या हातात उरतो तो आकार.

आपण एक उदाहरण घेऊ. काळ्या-मुरमाड जमिनीतून जाणारा शाखा कालवा, काँक्रीटचं अस्तर, विसर्ग १० क्युमेक, म्हणजे सेकंदाला १० घनमीटर. उतार ५००० ला १. छेद समलंब चौकोनी: तळ सपाट, दोन्ही बाजू तिरप्या. बाजू उभ्या ठेवल्या तर त्या भिंती होतील आणि मातीचा दाब त्यांना पेलावा लागेल; तिरप्या ठेवल्या की माती स्वतःच्या पायावर उभी राहते आणि अस्तर तिच्यावर नुसतं अंथरायचं असतं. इथे दर मीटर उंचीला दीड मीटर आडवं, असा बाजूउतार घेऊ.

आता पाणी किती वाहील ते सांगणारं सूत्र.

Q = (1/n) × A × R^(2/3) × S^(1/2)

हे मॅनिंगचं सूत्र. रॉबर्ट मॅनिंग हा आयर्लंडचा अभियंता, पण अभियांत्रिकीचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. सरकारी बांधकाम खात्यात तो शिरला तो हिशेबनीस म्हणून. १८८९ मध्ये त्याने आपला निबंध मांडला. गंमत म्हणजे हे सूत्र त्याचं त्यालाच फारसं पसंत नव्हतं, कारण घनमूळ काढणं त्या काळी कटकटीचं होतं. आज जगभर कालवे आखले जातात ते याच सूत्रावर.

सूत्रातला Q म्हणजे विसर्ग आणि S म्हणजे उतार. A हे पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. R म्हणजे त्या क्षेत्रफळाला पाणी जिथे-जिथे तळाला आणि बाजूंना टेकतं त्या लांबीने, म्हणजे ओल्या परिघाने, भागून येणारा आकडा. पाणी अडतं ते भिंतीला घासून. म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळाला घासणारी लांबी जितकी कमी, तितकं पाणी सुखाने वाहतं. उरला n. तो खडबडीतपणाचा अंक, आणि त्याची गोष्ट जरा निराळी आहे. तूर्त काँक्रीटसाठी ०.०१८ धरू.

अडचण अशी की या सूत्रातून खोली थेट काढता येत नाही. खोली A मध्येही आहे आणि R मध्येही, तीसुद्धा विचित्र घातांकात. मग करायचं काय? तळरुंदी धरायची, खोली अंदाजाने घ्यायची आणि विसर्ग काढून बघायचा. तळरुंदी ३ मीटर धरली आणि खोली १.८ मीटर घेतली, तर येतात साडेआठ क्युमेक. कमी पडले. खोली २ मीटर केली तर साडेदहा. जास्त झाले. १.९५ ला ९.९७, म्हणजे केसभर कमी. १.९६ ला १०.०८. थांबलो. पूर्वी हे लॉगच्या कोष्टकांवर चालायचं, आता एक्सेलच्या एका ओळीत होतं, पण रीत तीच: चुकायचं, बघायचं, सुधारायचं.

तळरुंदी तीनच का? पाठ्यपुस्तक इथे ‘किफायतशीर छेद’ शिकवतं. दिलेल्या बाजूउताराला ओला परिघ सर्वात कमी होईल असा छेद काढा, अस्तर कमी लागेल. आपल्या उदाहरणात त्या छेदाची खोली येते २.३४ मीटर आणि तळरुंदी १.४१ मीटर. कागदावर सुंदर. पण दीड मीटरहून अरुंद तळात खोदकामाचं यंत्र फिरवायचं कसं, आणि गाळ काढायला माणूस उतरला तर त्याने उभं कुठे राहायचं? शिवाय खोदाई जवळजवळ ४० सेंटीमीटर जास्त खोल जाते, आणि खाली कठीण खडक लागला तर तो सुरुंगाने फोडावा लागतो.

आणि या आदर्शापासून ढळल्याची किंमत किती? किफायतशीर छेदाचा ओला परिघ ९.८३ मीटर. आपल्या तीन मीटरवाल्याचा १०.०७. फरक पाव मीटरहून कमी, टक्क्यात सांगायचं तर जेमतेम अडीच. अनेक विद्यार्थ्यांच्या हे लक्षात येत नाही: किमान बिंदूच्या आसपास ही वक्ररेषा इतकी सपाट असते की तळरुंदी दुप्पट केली तरी अस्तराचं बिल फारसं वाढत नाही. म्हणून जाणता अभियंता आदर्श छेद काढतो, त्याच्याकडे एकदा बघतो आणि सोयीची तळरुंदी घेतो.

मोठ्या कालव्यांत तर हे फारच ठळक दिसतं. गुजरातेतल्या नर्मदा मुख्य कालव्याचा मुखाशी विसर्ग १,१३३ क्युमेक. तिथे तळरुंदी ७३.१ मीटर आणि पाण्याची खोली ७.६ मीटर आहे, म्हणजे रुंदी खोलीच्या साडेनऊपट. किफायतशीर छेदात ती खोलीच्या निम्मीसुद्धा भरली नसती, आणि मग कालव्याच्या जागी दरी खोदावी लागली असती.

आपल्या कालव्यात पाण्याचा वेग येतो सेकंदाला ०.८७ मीटर. चांगल्या काँक्रीटला २.७ मीटरपर्यंतचा वेग सोसतो, तेव्हा झिजेची चिंता नाही. आणि गाळ बसावा, शेवाळ माजावं इतकं ते मंदही नाही. पाण्याच्या वर ७५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवायची, तिला फ्रीबोर्ड म्हणतात. एकूण खोली झाली २.७१ मीटर आणि वरची रुंदी ११.१ मीटर. छेद तयार झाला.

आता तो n.

बाकी सगळं मोजता येतं. उतार लेव्हलने, रुंदी टेपने. n मात्र निवडावा लागतो, आणि तोही काँक्रीट पडायच्या आधी. समजा कुणी आशावादी निघाला आणि त्याने ०.०१८ ऐवजी ०.०१५ धरला. पृष्ठभाग गुळगुळीत, सांधे एका रेषेत, वळणं कमी. मग त्याच विसर्गाला खोली १.७८ मीटर पुरते. १८ सेंटीमीटर वाचले, अंदाजपत्रक हलकं झालं. पण प्रत्यक्षात काँक्रीटची पाटी फर्म्यावरून सरकताना लाटा उठल्या, सांध्याला कडा वर राहिल्या, आणि खरा अंक ०.०१८ निघाला, तर त्या १.७८ मीटरमधून वाहतात फक्त ८.३ क्युमेक. कमी पडलेले १.७ क्युमेक मुखाशी कुणाला जाणवत नाहीत. तिथल्या चाऱ्या आपला वाटा पूर्ण घेतात. तूट सरकत-सरकत शेपटाकडे जाते आणि तिथे ती ‘यंदा आवर्तन आलंच नाही’ या नावाने ओळखली जाते.

उलटही घडतं. नीट बांधलेला कालवाही म्हातारा होतो. अस्तराला भेगा जातात, भेगांतून गवत उगवतं, तळात गाळ बसतो. खडबडीतपणा ०.०२५ वर गेला, म्हणजे साध्या मातीच्या कालव्याइतका झाला, की १.९६ मीटर खोलीत सव्वासात क्युमेकच मावतात. पूर्ण दहा न्यायचे तर पाणी २.२९ मीटरपर्यंत चढवावं लागतं. ७५ सेंटीमीटरच्या फ्रीबोर्डमधले ३३ तिथेच संपले, आणि भरावाच्या कालव्यात ही चढलेली पातळी बघून कालवा निरीक्षकाची झोप उडते.

भेगा पडतात कशाने? दोन कारणं मुख्य. पहिलं पाठीमागचं पाणी. आवर्तन संपलं की कालवा रिकामा करतात, पण अस्तरामागची माती भिजलेलीच असते. तळावरच्या दहा सेंटीमीटर जाड काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो. त्याच्याखाली पाण्याची पातळी फक्त २५ सेंटीमीटर जास्त राहिली, तर पाणी तेवढ्याच जागेत २५० किलोने वर ढकलतं. लादी उचलली जाते. म्हणून अस्तरात वीप होल आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह ठेवतात, आणि कालवा एकदम न उपसता हळूहळू उतरवतात. घाईने बंद केलेल्या कालव्यात एखादी लादी शेजारणीपेक्षा बोटभर वर आलेली दिसली, तर दोष काँक्रीटचा नसून बहुधा या पाण्याचा असतो.

दुसरं कारण काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरचं काँक्रीट कागदासारखं उचलून मोडते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर उपाय मांडला: काळ्या मातीच्या आणि अस्तराच्या मध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबून बसवलेला थर द्यायचा. योग्य प्रतीचा मुरूम मिळाला तर या कामाला चालतो. कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली. छेद आखणाऱ्याला याचा अर्थ इतकाच की थर जर ७५ सेंटीमीटरचा असेल, तर खोदाईही सगळीकडून तेवढी जास्त धरायची. हे विसरलं की पाण्याचा छेद बरोबर येतो आणि मातीकामाचा आकडा चुकतो.

पहिल्या आवर्तनात या सगळ्या हिशेबाची झडती होते. कालव्याच्या सरळ भागात, पाणी शांत वाहतं तिथे, काठावर मोजपट्टी रंगवलेली असते. पाणी १.९६ वर स्थिर झालं की छोट्या पंख्याच्या करंट मीटरने रुंदीभर ठिकठिकाणी वेग मोजतात आणि विसर्ग काढतात. समजा तो १०.०८ न येता ९.१ आला. मग सूत्र उलटं वापरायचं: खोली माहीत, उतार माहीत, विसर्ग माहीत, अज्ञात एकटा n. तो निघतो ०.०२०. अशा कालव्यात दहा क्युमेक सोडायचे तर पाणी २.०६ मीटरला न्यावं लागेल, आणि ते दहा सेंटीमीटर फ्रीबोर्डमधून वजा होतील. मोजपट्टीचा तक्ता त्याप्रमाणे नव्याने काढून दरवाजा फिरवणाऱ्याच्या हाती देतात.